कार्याचं चिन्ह कोणतं, सर?

महाराष्ट्र बोर्डाची बारावी विज्ञानाची सध्याची दोन पुस्तकं शेजारी शेजारी उघडून ठेवली, तर एक गंमत दिसते. भौतिकशास्त्राचा चौथा धडा थर्मोडायनॅमिक्सचा. रसायनशास्त्राचाही चौथा धडा थर्मोडायनॅमिक्सचाच, फक्त आधी ‘केमिकल’ लावलेलं. दोन्ही धड्यांत पहिला नियम येतो आणि तो एकच आहे: ऊर्जा नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही, तिचा हिशेब जुळलाच पाहिजे. मात्र तो सूत्रात मांडताना भौतिकशास्त्राचं पुस्तक ΔU = Q − W असं लिहितं आणि रसायनशास्त्राचं ΔU = Q + W असं. U म्हणजे वायूची आंतरिक ऊर्जा, Q म्हणजे त्याला दिलेली उष्णता आणि W म्हणजे कार्य. अक्षरं तीच, नियम तोच, मध्ये एकीकडे वजा आणि दुसरीकडे अधिक.

दोन्ही पुस्तकं बरोबर आहेत. घोटाळा होतो तो इथेच. पुस्तकात छपाईची चूक असती तर सरांनी वर्गात सांगून खोडायला लावली असती आणि विषय मिटला असता. पण इथे भौतिकशास्त्राचे सर आपल्या तासाला बरोबर शिकवतात, रसायनशास्त्राच्या मॅडम आपल्या तासाला बरोबर शिकवतात, आणि दोघांच्या तासाला बसणारी मुलं मात्र घरी जाऊन डोकं खाजवतात.

मग जानेवारी येतो. प्रीलिम संपते, जर्नलवर सह्या घेण्याची धावपळ सुरू होते आणि स्टाफरूमच्या दाराशी शंकांची रांग लागते. त्यातल्या बऱ्याच शंका खरं तर शंका नसतातच. ‘सर, या धड्यातलं आयएमपी काय?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला धडा कळायला नको असतो, टाळायला हवा असतो. दुसरा प्रकार असा: ‘सर, थर्मोडायनॅमिक्स खूप कन्फ्यूजिंग आहे, प्लीज समजावून सांगा.’ हे प्रामाणिक आहे, पण याला उत्तर काय द्यायचं? पूर्ण धडा पुन्हा शिकवायचा तर आठवडा जातो, आणि मूल नेमकं कुठे अडलं आहे ते तरीही कळत नाही. सर ‘पुस्तक नीट वाचा’ म्हणतात. मूल ‘बरं’ म्हणतं. दोघेही आपापल्या वाटेला लागतात.

आता दुसऱ्या जातीची एक चिठ्ठी नमुन्यादाखल पाहू. बारावीच्या एखाद्या मुलीने ती भौतिकशास्त्राच्या जर्नलमध्ये घडी घालून ठेवली आहे, असं धरून चाला.

‘आदरणीय सर, सादर नमस्कार. चौथ्या धड्यातल्या पहिल्या नियमाबद्दल एक शंका आहे. मी एकच गणित दोन्ही विषयांच्या पद्धतीने सोडवून पाहिलं. हीलियम वायू १ बार या स्थिर दाबाखाली २ लिटरवरून ३ लिटर झाला आणि त्याला २५० ज्यूल उष्णता दिली. आपल्या पद्धतीने W = PΔV = 100 J आणि ΔU = 250 − 100 = 150 J येतं. केमिस्ट्रीच्या वहीत W = −PΔV आहे. ते वापरून W = −100 J आलं. पण मग आपल्या सूत्रात घातल्यावर ΔU = 250 − (−100) = 350 J येतं. केमिस्ट्रीचं सूत्र आणि आपलं W घेतलं तरी 350 च येतं. सर, माझे दोन प्रश्न आहेत. W चं चिन्ह दोन विषयांत खरंच वेगळं आहे, की मी वहीत चुकीचं उतरवून घेतलं? आणि वेगळं असेल, तर पेपरात नुसतं “W काढा” असं आलं तर अधिक लिहायचं की वजा? गुरुवारी प्रॅक्टिकलनंतर पाच मिनिटं मिळाली तरी चालेल. वहीचं पान सोबत जोडलं आहे. आपली विद्यार्थिनी.’

या चिठ्ठीत नम्रता आहे, पण सरांचं काम सोपं होतं ते नम्रतेमुळे नव्हे. तिने आकडे दिले आहेत आणि दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालून दाखवल्या आहेत. त्यामुळे वाचणाऱ्याला चूक तिसऱ्या ओळीतच दिसते. ‘−100’ हा आकडा रसायनशास्त्राच्या वहीतून आला आणि भौतिकशास्त्राच्या सूत्रात जाऊन बसला. एक वजा सूत्रात आधीच होता, दुसरा आकड्याबरोबर आला, दोन वजा मिळून अधिक झालं. उलट बाजूने गेलं तरी तेच. तिथे एकही वजा उरत नाही, त्यामुळे २५० आणि १०० यांची सरळ बेरीज होते. एकाच गणिताची दोन चुकीची उत्तरं सारखीच यावीत, हा या गोंधळातला सर्वांत फसवा भाग आहे. दोनदा ३५० आलं की मुलाला वाटतं पडताळा मिळाला, आणि १५० हेच उत्तर संशयास्पद दिसायला लागतं.

तिचे दोन प्रश्नही वेगवेगळ्या प्रकारचे आहेत. पहिल्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात देता येतं. दुसरा परीक्षेतल्या वागण्याबद्दल आहे. ‘समजावून सांगा’ या मागणीपेक्षा असे प्रश्न शिक्षकाला परवडतात, कारण उत्तर कुठे संपलं हे त्यालाही कळतं.

पहिल्याचं उत्तर: हो, चिन्ह खरंच वेगळं आहे. वहीत चुकीचं काही उतरलेलं नाही.

वेगळं का, याला इतिहास आहे. थर्मोडायनॅमिक्सचा जन्म वाफेच्या इंजिनाच्या चिंतेतून झाला. फ्रान्सच्या सादी कार्नोने १८२४ साली जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात प्रश्न होता तो आगीपासून जास्तीत जास्त काम कसं काढून घ्यायचं, हा. पुढे १८५० मध्ये जर्मनीच्या रुडॉल्फ क्लाउझियसने उष्णता आणि कार्य यांचा हिशेब एका समीकरणात बसवला. इंजिनवाल्याच्या नजरेने पाहिलं तर कोळसा जाळून आत घातलेली उष्णता ही गुंतवणूक आणि दट्ट्याने बाहेर दिलेलं कार्य ही कमाई. दोन्ही अधिक धरणं त्याला सोयीचं वाटणारच. आत आलेल्या उष्णतेतून बाहेर गेलेलं कार्य वजा केलं की वायूकडे उरलं ते कळतं. भौतिकशास्त्राने ही सवय आजवर सोडलेली नाही. हॅलिडे-रेसनिकसारखं जगभर वापरलं जाणारं पाठ्यपुस्तकही उष्णतेतून कार्य वजाच करतं.

रसायनशास्त्रज्ञाकडे इंजिन नसतं. त्याच्यासमोर चंचुपात्र असतं आणि त्यात काय चाललंय एवढंच त्याला पाहायचं असतं. जस्ताचे तुकडे विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकले की हायड्रोजनचे बुडबुडे वर येतात. सुमारे ६५ ग्रॅम जस्त पूर्ण विरघळलं तर एक मोल हायड्रोजन बाहेर पडतो आणि त्याला जागा करून घेण्यासाठी वरची हवा ढकलावी लागते. २५ अंश सेल्सियसला या ढकलण्याचं कार्य RT इतकं, म्हणजे सुमारे २.४८ किलोज्यूल भरतं. या कार्याचा कोणालाच उपयोग नाही, त्याने कुठलं चाक फिरत नाही. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही पात्रातून गेलेली ऊर्जा आहे, म्हणून वजा. पात्रात आलं ते अधिक, पात्रातून गेलं ते वजा, मग ती उष्णता असो की कार्य. एकच नियम लक्षात ठेवायचा. आयुपॅक, म्हणजे रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना, हीच पद्धत वापरायला सांगते. एनसीईआरटीच्या अकरावीच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात तर याबद्दल छोटी टीपच आहे: जुना संकेत उलटा होता आणि भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत तो अजून चालतो. बारीक अक्षरातल्या टिपा मुलं किती वाचतात, हे शिकवणाऱ्यांना ठाऊक असतं.

बँकेचा व्यवहार घ्या. खातेदाराच्या खात्यातून शंभर रुपये दुकानदाराला गेले. खातेदाराच्या पासबुकात ते वजा पडतात, दुकानदाराच्या पासबुकात जमा. रसायनशास्त्र वायूचं पासबुक लिहितं. भौतिकशास्त्र उष्णता लिहिताना वायूचं पासबुक धरतं आणि कार्य लिहिताना समोरच्याचं. खरं सांगायचं तर यात रसायनशास्त्राची पद्धत जास्त सुटसुटीत आहे. पण परीक्षार्थीला पद्धत निवडायचा अधिकार नसतो, म्हणून हे मत इथेच सोडून देऊ.

आता मुलीच्या गणिताकडे परत यायला हवं, कारण त्यात चूक पकडायची सोय आहे. हीलियमला २५० ज्यूल मिळाले. त्याने प्रसरण पावताना भोवतालावर १०० ज्यूल खर्च केले. ज्याला अडीचशे मिळाले आणि ज्याने त्यातले शंभर घालवले, त्याच्याकडे साडेतीनशे उरतील कसे? सूत्राकडे न पाहता एवढा प्रश्न स्वतःला विचारला तरी ३५० बाद होतं. दुसरा पडताळा कार्याच्या चिन्हावर अजिबात अवलंबून नाही. हीलियम एकअणुक वायू आहे आणि अशा आदर्श वायूची आंतरिक ऊर्जा नुसती तापमानावर ठरते. दाब स्थिर असताना आकारमान दीडपट झालं, म्हणजे केल्विनमधलं तापमानही दीडपट झालं. सुरुवात २७ अंश सेल्सियसला, म्हणजे ३०० केल्विनला झाली असेल, तर शेवट ४५० केल्विनला होतो. यावरून ΔU = (3/2) nRΔT आणि nRΔT म्हणजे इथे PΔV, म्हणजेच १०० ज्यूल. दीडपट केले की १५०. दोन स्वतंत्र रस्ते एकाच ठिकाणी आले.

आकडे सोपे का आले, तेही सांगून टाकू. १ बार आणि १ लिटर यांचा गुणाकार बरोबर १०० ज्यूल होतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकात हेच उत्तर −1 dm³ bar असं दिसतं, कारण तिथे लिटरऐवजी घन डेसिमीटर लिहितात. बऱ्याच मुलांचा अर्धा गोंधळ चिन्हाचा आणि अर्धा एककाचा असतो. −1 आणि +100 ही एकाच कार्याची दोन रूपं आहेत, हे पहिल्या नजरेत ओळखूच येत नाही.

प्रसरणापेक्षा आकुंचनात जास्त मुलं घसरतात. तोच हीलियम उलट्या वाटेने ३ लिटरवरून २ लिटर झाला आणि त्याने २५० ज्यूल उष्णता बाहेर टाकली, असं समजू. इथे आकारमानातला बदलच वजा एक लिटर आहे. रसायनशास्त्रात कार्य होतं वजा गुणिले वजा, म्हणजे अधिक १०० ज्यूल, कारण भोवतालाने वायूला दाबलं, ऊर्जा आत आली. उष्णता वजा २५०. बेरीज वजा १५०. भौतिकशास्त्रात कार्य वजा १००, उष्णता वजा २५०, आणि वजा २५० मधून वजा १०० वजा केले की पुन्हा वजा १५०. वायू जिथून निघाला तिथे परत आला आहे, त्यामुळे जाताना वाढलेले १५० येताना तेवढेच कमी व्हायला हवेत. तसे झाले. जाण्याचं आणि येण्याचं गणित जोडीने सोडवून बेरीज शून्य येते का पाहणं, हा या धड्यातला चांगला सराव आहे. मात्र याला एक मर्यादा आहे. दोन्ही गणितांत तीच चूक केली तर अधिक ३५० आणि वजा ३५० येतात, त्यांचीही बेरीज शून्यच होते. म्हणून या पडताळ्याच्या जोडीला ‘मिळाले किती, गेले किती’ हा साधा प्रश्न लागतोच.

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे पेपरात काय लिहायचं याचं, उत्तर जाणत्या प्राध्यापकाकडून साधारण असं येईल: ‘W या अक्षराकडे बघू नकोस, प्रश्नातल्या शब्दांकडे बघ.’ ‘वायूने केलेलं कार्य’ विचारलं असेल तर प्रसरणात ते अधिक १०० ज्यूलच, पेपर कोणताही असो. ‘वायूवर झालेलं कार्य’ विचारलं असेल तर वजा १००, तेही दोन्ही पेपरांत. कोणी कोणावर कार्य केलं हे शब्दांत सांगितलं की संकेताचा वाद उरत नाही. वाद आहे तो फक्त उघड्या W बद्दल, आणि तिथे ज्या विषयाचा पेपर त्या विषयाचा संकेत.

लेखी उत्तरात यावर एक साधा उपाय आहे. सूत्राच्या आधी एक ओळ लिहायची: ‘येथे W म्हणजे वायूने केलेले कार्य’ किंवा ‘येथे W म्हणजे वायूवर झालेले कार्य’. तपासणाऱ्याला मग अंदाज बांधावा लागत नाही, आणि लिहिणाऱ्याचा हातही पुढच्या ओळींत भरकटत नाही. सूत्र आणि आकडा दोन वेगळ्या वह्यांतून उचलले जातात, तेव्हा बहुतेक वेळा ही ओळच गाळलेली असते.

समतापी प्रसरणाचं सूत्र लिहिताना ही ओळ विशेष उपयोगी पडते, कारण तिथे दोन पुस्तकांतली रूपं फारच वेगळी दिसतात. एक मोल आदर्श वायू ३०० केल्विनला सावकाश, व्युत्क्रमी पद्धतीने दुप्पट आकारमानाचा झाला. भौतिकशास्त्र नैसर्गिक लॉगॅरिदम घेऊन nRT ln(V₂/V₁) लिहितं. रसायनशास्त्र दहाच्या पायाचा लॉग घेतं, पुढे २.३०३ जोडतं, त्यापुढे वजा लावतं आणि या कार्याला कमाल कार्य म्हणतं. पहिल्यात सुमारे १७२९ ज्यूल येतात, दुसऱ्यात वजा १७२९. २.३०३ हा आकडा नुसता पाया बदलल्यामुळे आलेला आहे, त्याचा चिन्हाशी संबंध नाही. तापमान बदललेलं नाही, म्हणून आदर्श वायूची आंतरिक ऊर्जाही बदललेली नाही. जेवढी उष्णता आत आली तेवढंच कार्य बाहेर गेलं. आणि तोच वायू निर्वात पोकळीत मोकळा पसरला तर ढकलायला समोर कोणीच नाही, कार्य शून्य. शून्याला चिन्ह नसतं, त्यामुळे अशा प्रश्नात दोन्ही विषयांचा मेळ आपोआप बसतो.

बोर्डाच्या परीक्षेत दोन विषयांचे पेपर निदान वेगवेगळ्या दिवशी असतात. एमएचटी-सीईटीत ती सवलत नाही. तिथे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे पन्नास-पन्नास प्रश्न एकाच ९० मिनिटांच्या बैठकीत सोडवायचे असतात. एका प्रश्नात वजा लावायचा, काही मिनिटांनी दुसऱ्या प्रश्नात तो काढायचा, आणि व्याख्येची ओळ लिहायला उत्तरपत्रिकाच नाही. समोर फक्त चार पर्याय असतात, आणि वर दाखवलेली ३५० ची चूक प्रश्न काढणाऱ्यालाही माहीत असते, तेव्हा ती पर्यायांत बसलेली दिसली तर नवल नाही. अशा वेळी कच्च्या कागदावर आधी शब्दांत हिशेब मांडावा: आत आले २५०, बाहेर गेले १००, उरले १५०. ΔU विचारला असेल तर प्रश्न इथेच सुटतो, कुठलंही सूत्र न वापरता. W विचारलेला असेल आणि सोबत ‘वायूने’ किंवा ‘वायूवर’ असा शब्द नसेल, तरच तो प्रश्न कोणत्या विषयाच्या विभागात आहे हे पाहून चिन्ह लावायचं.